१-०-१ म्हणजे नेमकं किती वाजता?

डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की बहुतेकांची नजर औषधाच्या नावावर अडकते. पण नाव लावण्याचं काम मेडिकलवाला करतोच. घरी आल्यावर रोज उपयोगी पडतात ती नावापुढची चार-दोन अक्षरं आणि आकडे: गोळी किती वेळा, कधी आणि किती दिवस. ती नीट वाचली गेली नाहीत, तर योग्य औषधही चुकीच्या वेळी पोटात जातं.

समजा, चाळिशीतला एक माणूस ताप आणि दुखरा घसा घेऊन दवाखान्यात गेला. घशात जिवाणूंचा संसर्ग आहे असं डॉक्टरांना वाटलं आणि त्यांनी चार औषधं लिहिली. पॅन्टोप्राझोल ४०, त्यापुढे १-०-० आणि एसी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ६२५, त्यापुढे बीडी, पीसी. लेव्होसेट्रिझिन ५, एचएस. या तिन्हींपुढे ५/७. शेवटी पॅरासिटामॉल ६५०, एसओएस.

तीन आकडे म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. शून्य म्हणजे त्या वेळी गोळी नाही. चौथा आकडा असला तर तो सहसा झोपतानाचा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. ही अक्षरं फक्त ‘किती वेळा’ सांगतात, आकडे ‘कधी’ तेही सांगतात. ५/७ ही तारीख नाही. खालचा ७ म्हणजे आठवड्याचे दिवस, म्हणून ५/७ म्हणजे पाच दिवस. त्याच रीतीने खाली ५२ असेल तर मोजायचे ते आठवडे, आणि १२ असेल तर महिने.

आता ६२५ची गोळी बघू. तिच्यात अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम असतं. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर दोन्हींचं रक्तातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्मं होतं, पुढच्या तासात उरलेल्याचं निम्मं. सहा तासांत ते चौसष्टाव्या हिश्श्याच्या आसपास येतं. हे प्रतिजैविक जिवाणूंना मारतं ते त्याची रक्तातली पातळी ठरावीक रेषेच्या वर असेल तेवढा वेळच. एकदम जास्त मात्रा घेऊन हा वेळ फारसा वाढत नाही. म्हणून बीडीचा खरा अर्थ ‘दिवसात कधीही दोन गोळ्या’ असा नाही, ‘साधारण बारा तासांच्या अंतराने’ असा आहे. इथेच गल्लत होते. पीसी म्हणजे जेवणानंतर. आपल्याकडे जेवण म्हणजे दुपारचं आणि रात्रीचं, त्यामुळे बरेच जण पहिली गोळी दुपारी दोनला घेतात आणि दुसरी रात्री नऊला. मधे सात तास, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत तब्बल सतरा. त्या लांब पट्ट्यात जिवाणूंना पुन्हा वाढायला मोकळं रान मिळतं. सकाळी साडेआठला पोहे-उपमा आणि रात्री साडेआठला जेवण असं धरलं की प्रश्न सुटतो. नाश्ता हेही जेवणच. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी चालते. नुसता चहा धरू नये.

या गोळीच्या बाबतीत पीसी म्हणजे जेवून अर्धा तास थांबा, असंही नाही. उलट जेवणाच्या सुरुवातीला ती घेतली तर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड चांगलं शोषलं जातं आणि मळमळ कमी होते. अन्न पोटात असावं, एवढाच तिथे हेतू आहे.

एसी म्हणजे जेवणाआधी, आणि इथे मिनिटांना महत्त्व आहे. जठरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. पॅन्टोप्राझोल चालू असलेल्या पंपांनाच बंद पाडतं, आणि बरेचसे पंप चालू होतात ते आपण खायला लागल्यावर. औषध रक्तातून लवकर निघून जातं, म्हणून पंप जागे होताना ते तिथे हजर असायला हवं. यासाठी नाश्त्याआधी साधारण अर्धा तास. नाश्ता झाल्यावर आठवण आली आणि गोळी घेतली, तर ती वाया जात नाही, पण तिचा जोर कमी पडतो. ही गोळी चावायची किंवा कुटायची नाही, कारण जठरातल्या आम्लापासून तिला वाचवणारं आवरण वर असतं.

थायरॉइडच्या गोळीपुढेही एसी असतं, पण कारण अगदी वेगळं. लेव्होथायरॉक्सिन अन्न, कॉफी, कॅल्शियम आणि लोह यांच्या सोबतीने कमी शोषलं जातं. ती अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी निदान चार तासांनी. एकाच खुणेमागे अशी दोन कारणं असू शकतात. म्हणून ‘आधी म्हणजे किती आधी?’ हे विचारून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

एचएस म्हणजे झोपताना. लेव्होसेट्रिझिनने काहींना सुस्ती येते, म्हणून ती रात्री. घेतल्यावर गाडी चालवू नये.

एसओएस म्हणजे गरज पडली तरच. सगळ्यात सैल वाटणारी ही खूण खरं तर सगळ्यात अपुरी आहे, कारण दोन गोळ्यांत किती अंतर आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे ती सांगत नाही. निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम मानतात. ६५०च्या सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम, काठावरच. यकृताचा आजार, रोजचं मद्यपान किंवा कमी वजन असेल तर मर्यादा बरीच खाली येते. दोन गोळ्यांत सहा तास ठेवले तर दिवसाला चार गोळ्यांच्या पुढे जायची वेळ येत नाही. धोका येतो तो दुसऱ्या दाराने: सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. पट्टीच्या मागचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय ते कळत नाही.

अक्षर लागत नसेल तेव्हा मोजणी कामी येते. १-०-१ मधलं शून्य घाईत चपटं होऊन एकासारखं दिसतं, ओडीचा बीडी होतो. दोनदा गुणिले पाच दिवस म्हणजे दहा गोळ्या, तीनदा असतील तर पंधरा. डॉक्टरांनी शेवटी एकूण संख्या लिहिली असेल तर ताळा लगेच जमतो. जमला नाही तर अंदाज बांधू नये, मेडिकलवाल्याला दवाखान्यात फोन लावायला सांगावं. औषधांची मूळ नावं सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावीत, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ साली आलं. तरी वेळांच्या खुणा अजूनही पुष्कळदा घाईच्या अक्षरातच असतात.

एका औषधाबाबत मी जास्तच आग्रही आहे. सांधेवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. सकाळ-दुपार-रात्रीच्या तीन खणांत आठवडा मावतच नाही, त्यामुळे १-०-० असं दिसलं की ते रोज घेतलं जातं. ते रोज पोटात गेलं तर अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणं मंदावतं. तोंडात फोड, ताप, अंगावर निळसर डाग ही त्याची लक्षणं, आणि यात जीवही जाऊ शकतो. या गोळीच्या चिठ्ठीवर वाराचं नाव पूर्ण लिहून घ्यावं, ‘दर रविवारी’ असं, आणि तेच मार्करने पट्टीवरही लिहावं. त्याबरोबर दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळीही लहान आणि पिवळी असते, म्हणून दोन्ही पट्ट्या एका डब्यात ठेवू नयेत.