बरणीवरचे ‘शेंगदाणे’ दोन शब्द का होतात?

चटणीच्या काचेच्या बरणीवर घटकपदार्थांची यादी छापलेली आहे आणि तिच्यात ‘शेंगदाणे’ हा शब्द आहे, असे समजू. फोनने छायाचित्र काढून मजकूर ओळखायला दिला, तर उत्तरात ‘शेंग’ आणि ‘दाणे’ असे दोन सुटे शब्द येऊ शकतात. दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. मात्र शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने यादीत ‘शेंगदाणे’ शोधले, तर ते सापडत नाहीत.

ही तोड नेमकी अक्षरांच्या मधूनच का होते, याचे कारण बरणीच्या आकारात आहे. उभी गोल बरणी आडव्या दिशेने वक्र असते, पण उभ्या दिशेने सपाट असते. त्यामुळे तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खिडकीचे प्रतिबिंब उभ्या दिशेने साध्या आरशाप्रमाणे लांबच लांब पडते आणि आडव्या दिशेने आक्रसते. बरणीचा व्यास 66 मिमी असेल, कॅमेरा 20 सेंमीवर असेल आणि 2 मीटरवरच्या खिडकीचे दार 20 सेंमी उघडे असेल, तर लेबलवर सुमारे दीड मिमी रुंदीचा पांढरा उभा पट्टा उमटतो. बारीक छपाईत दोन शब्दांमधले अंतरही साधारण एवढेच असते. खिडकी मीटरभर उघडली, तर पट्टा 7 ते 8 मिमी रुंद होऊन शब्दच्या शब्द पुसून टाकतो. ती चूक निदान डोळ्यांना दिसते. अरुंद पट्टा अधिक फसवा असतो, कारण तो शिरोरेषा तोडतो, आणि देवनागरीत शब्द कुठे संपला याची मोठी खूण तीच असते.

बरणीच्या कडेला याच्या उलट घडते. समोरच्या मध्यरेषेपासून 60 अंशांवरचा मजकूर छायाचित्रात निम्म्या रुंदीचा दिसतो, त्यामुळे शब्दांमधले खरे अंतरही निम्मे होते आणि ‘तीळ तेल’ हे ‘तीळतेल’ होऊन बसते. त्यातच कॅमेरा वरून 20 अंश कललेला असेल, तर ओळ कमानीसारखी वाकते आणि 60 अंशांवरचे तिचे टोक मध्यापेक्षा साडेपाच मिमी वर चढते. दोन ओळींमधले अंतर 4 मिमी असेल, तर हा टोकाचा शब्द वरच्या ओळीत गणला जाण्याचा धोका असतो.

वक्रता गणिताने बरीचशी उलगडता येते. छायाचित्रात बरणी 660 पिक्सेल रुंद असेल, तर तिची त्रिज्या `r` 330 पिक्सेल होते. मध्यापासून `x` अंतरावरच्या बिंदूचे लेबलवरचे खरे अंतर `s = r * asin(x / r)` या सूत्राने मिळते, म्हणजे 286 पिक्सेलवरचा बिंदू उलगडल्यावर 346 वर जातो. हे सूत्र कॅमेरा बराच दूर असल्याचे गृहीत धरते, त्यामुळे जवळून काढलेल्या छायाचित्रात थोडी चूक राहते. शिवाय ताणल्याने नवा तपशील येत नाही. कडेला दीड पिक्सेलची उरलेली वेलांटी उलगडल्यावर रुंद होते, पण स्पष्ट होत नाही.

चकाकीचे मात्र तसे नाही. पट्ट्याखालची शाई कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेलीच नसते, म्हणून एका छायाचित्रातून ती परत मिळवता येत नाही. पण ही जागा कोरी नसून चकाकीने झाकलेली आहे, हे ओळखता येते. लेबलचा पांढरा कागद करड्या छटांच्या मोजणीत समजा 210 ते 230 असतो, तर चकाकी 255 या कमाल मूल्याला टेकलेली असते. टेसेरॅक्टसारखी मजकूर ओळखणारी प्रणाली ओळी शोधण्यासाठी चित्राचे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करते, आणि तिथे हा फरक नाहीसा होतो. म्हणून चकाकीची तपासणी त्या पायरीच्या आधीच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. नंतर शब्दकोश लावून तुकडे जोडणे म्हणजे अंदाज करणे होय. दुसरी खूण अशी, की शब्दांमधली खरी मोकळी जागा प्रत्येक ओळीत वेगवेगळ्या ठिकाणी येते, तर चकाकीची फट सलग अनेक ओळींत एकाखाली एक येते.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय बरणी फिरवण्याचा आहे. दिवा, खिडकी आणि कॅमेरा जागेवर ठेवून बरणी तिच्या अक्षाभोवती 60 अंश वळवली, तर मजकूर सुमारे 35 मिमी सरकतो, पण चकाकीचा पट्टा होता तिथेच राहतो. अशा सहा छायाचित्रांत, प्रत्येकातला मध्यापासून दोन्ही बाजूंचा 60 अंशांचा भाग घेतला, तर लेबलचा प्रत्येक भाग किमान दोनदा मिळतो. ती उलगडून एकमेकांवर जुळवायची आणि एका चित्रात 250 च्या वर गेलेल्या पिक्सेलच्या जागी दुसऱ्यातला पिक्सेल घ्यायचा. ‘शेंग’ आणि ‘दाणे’ यांच्यामधली शिरोरेषा दुसऱ्या चित्रात अखंड असेल, तर तो शब्द पुराव्यानिशी जोडला जातो. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या बरणीला मात्र वरचे सूत्र पुरत नाही, कारण तिथे त्रिज्या ओळीगणिक बदलते. ती एकच धरून चित्रे जुळवली, तर जोडाच्या ठिकाणी अक्षरे दुहेरी दिसतात.