कोपराच्या बाहेरचं दुखणं : एका इंजेक्शनचा वाद आणि वजनाचा उपाय

टेनिस एल्बो हे नाव 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ झालं. लॉन टेनिसची तेव्हा लाट होती आणि बॅकहँड मारणाऱ्या हौशी खेळाडूंचे कोपर दुखायला लागले होते. त्याआधी, 1873 साली, एका जर्मन वैद्याने हेच दुखणं सतत लेखणी धरणाऱ्यांमध्ये नोंदवलं होतं. म्हणजे लेखणीचा मान आधीचा. नाव मात्र खेळाला चिकटलं. आज हे दुखणं घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट हातातही धरलेली नसते. ते पाना फिरवतात, कढया उचलतात, दिवसभर माउस धरतात, लहान मुलाला काखेखाली हात घालून उचलतात. वय बहुधा पस्तीस ते पंचावन्न.

हे दुखणं नेमक्या त्याच जागी का येतं, हे समजलं की पुढचा वाद सोपा होतो. मूठ आवळण्याचं काम हाताच्या पुढच्या बाजूचे, बोटं वळवणारे स्नायू करतात, मग दुखतं मागच्या, बाहेरच्या बाजूला कसं? बोटं वळवणारे स्नायू मनगटावरून जातात, त्यामुळे ते मनगटही आत ओढतात. मनगट आत वळलेलं असताना मूठ घट्ट आवळून पाहा, पकड लगेच सैल पडते. मनगट जरासं मागे राहावं म्हणून हाताच्या मागचे स्नायू प्रत्येक पकडीला तेवढ्याच जोराने उलट खेचत असतात. त्यांतला एक स्नायू मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडाच्या बुडापासून निघून कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर लागतो. सगळा ताण शेवटी त्या नखाएवढ्या जागेवर येतो.

हात पालथा ठेवून वजन उचललं की या ताणात वजनाची भर पडते, कारण आता मनगट खाली पडू न देण्याचं कामही त्याच स्नायूकडे येतं. त्यात कोपर सरळ असेल तर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची, म्हणजे कंडरेची, आतली बाजू खालच्या हाडावर दाबली जाते. म्हणून सरळ हाताने, पालथ्या पकडीने, खुर्चीची पाठ धरून खुर्ची उचलणं ही या दुखण्याची खास परीक्षा आहे. हात उताणा करून कोपर अंगाशी वाकवला की तीच खुर्ची बऱ्याचदा न दुखता उचलता येते.

आता वादाकडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर विश्रांती, प्लास्टर, मालिश, हाताला झटका देणं असे नाना उपाय झाले. दुखण्याचं मूळ काय, याच्या उपपत्ती तर दोन डझनांवर गेल्या. 1950च्या दशकात स्टिरॉइडचं इंजेक्शन आलं आणि बाकीचे उपाय बाजूला पडले. जागा बोटाने दाखवता येते, सुई तिथे सहज जाते, आणि आठवड्याभरात रुग्ण हसत परत येतो. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही यापेक्षा पटणारा पुरावा नको होता. तर्कही सरळ होता: दुखतंय म्हणजे दाह आहे, स्टिरॉइड दाह शमवतं.

1979 साली हा तर्क हलला. शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दाहाच्या पेशी जवळजवळ दिसल्याच नाहीत. दिसले ते विस्कटलेले कोलॅजनचे तंतू, नको तिथे वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती. ताण वारंवार पडतो, कंडरा स्वतःला सांधायला जाते, पण सांधणं पुरं व्हायच्या आत पुढचा ताण येतो. अलीकडे दाहाचे काही रासायनिक अंश सापडल्यामुळे ‘दाह अजिबात नाही’ असं कोणी म्हणत नाही. तरी पाय मुरगळल्यावर येणारी सूज आणि हे दुखणं एकाच जातीचं नाही, हे आता मान्य आहे.

तरीही इंजेक्शन चालूच राहिलं, कारण ते काम करत होतं. निदान सहा आठवडे तरी. त्यापुढे काय होतं हे कोणी नीट मोजलं नव्हतं. 2002 साली नेदरलँड्समध्ये 185 रुग्णांवर ते मोजलं गेलं. एका गटाला इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त ‘थांबा आणि जपा’ असा सल्ला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी 92 टक्के बरे होते, फिजिओथेरपीवाल्यांपैकी 47, थांबणाऱ्यांपैकी 32. इथेच कोणी वही मिटली असती तर इंजेक्शन जिंकलं असतं. वर्षाने चित्र उलटं झालं: इंजेक्शन 69, फिजिओथेरपी 91, आणि काहीच न करणारे 83 टक्के.

2006 साली ऑस्ट्रेलियात 198 जणांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला तेव्हा इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 72 टक्क्यांचं दुखणं सुधारून पुन्हा उलटलेलं आढळलं. यावर युक्तिवाद असा आला की औषध दोषी नाही, बरं वाटल्यावर लोक हाताला ताण देतात म्हणून ते उलटतं. तो अगदीच फोल नव्हता. म्हणून 2013 साली छापल्या गेलेल्या प्रयोगात काही जणांना स्टिरॉइड दिलं आणि काहींना बिनऔषधी इंजेक्शन. वर्षाने स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 83 टक्के बरे किंवा बरेच सुधारलेले होते, बिनऔषधी सुई घेतलेल्यांपैकी 96 टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण पहिल्या गटात 54 टक्के, दुसऱ्यात 12.

माझ्या मते इथे प्रश्न संपायला हवा होता. औषध नसलेली सुई औषधापेक्षा चांगली ठरते, याहून स्पष्ट उत्तर कुठून आणायचं? पण अजूनही परीक्षा, लग्न, प्रवास अशी अडचण सांगून ‘एक सुई द्याच’ म्हणणारे येतात आणि त्यांना ती मिळते. सहा आठवड्यांचा आराम खरा असतो, त्याची किंमत पुढच्या महिन्यांत चुकवावी लागते, हे देताना सांगितलं जात नाही एवढीच तक्रार. काहींच्या त्वचेचा रंग त्या जागी उडतो आणि खालची चरबी झिजून खळगा पडतो, तो भाग वेगळा.

याच प्रयोगांत एक गोष्ट व्यायामवाल्यांनाही अडचणीची आहे. वर्षाच्या शेवटी व्यायाम करणारे आणि नुसते थांबणारे यांच्यात फारसा फरक उरत नाही. दुखणं बहुतेकांचं आपोआप जातं. व्यायामाचा फायदा दिसतो तो मधल्या महिन्यांत, जेव्हा हाताने काम करायचं असतं.

कंडरेला वजन देण्याचा विचार 1980च्या दशकापासून आहे. आधी भर होता वजन सावकाश खाली सोडण्यावर, म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच काम करण्यावर. घोट्यामागच्या कंडरेवर 1990च्या दशकाअखेर त्याचे चांगले निकाल आले आणि कोपराने ती पद्धत उसनी घेतली. आता वर-खाली दोन्ही दिशांनी सावकाश, हळूहळू जड होत जाणारं वजन देतात. दिशेपेक्षा वजन आणि वेग यांवरचा ताबा महत्त्वाचा ठरतो आहे.

एक उदाहरण धरू. पंचेचाळिशीतली एक व्यक्ती, सुट्टीत दोन दिवस घराच्या छताला स्क्रू मारत होती. आठवड्याने भरलेली किटली उचलताना कोपराबाहेर कळ येऊ लागली. बधिरपणा नाही, मान फिरवल्याने फरक नाही, कोपर पूर्ण सरळ होतो. हाताला मुंग्या येत असत्या, कळ उंचवट्यावर नसून चार-पाच बोटं खाली मांसल भागात असती, किंवा कोपर अडकत असता, तर आधी तपासणी करायला हवी होती, कारण मान, नस किंवा सांधा यांचा प्रश्न असू शकतो. पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, लाली किंवा तापासोबतची सूज यांना हे वजनाचं गणित लागूच नाही.

पहिले दोन आठवडे हालचालीविना ताण. हात टेबलावर पालथा, कोपर वाकवलेला, मनगट कडेबाहेर. हातात अर्धा किलो वजन घेऊन मनगट सरळ धरून ठेवायचं, 30 ते 45 सेकंद, पाच वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. खरी मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी: कळ कालच्याइतकीच किंवा कमी असेल तर वजन बरोबर, वाढली असेल तर जास्त.

तिसऱ्या आठवड्यापासून हालचाल. तीन सेकंदांत मनगट वर, चार सेकंदांत खाली, पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. मधला दिवस ऐच्छिक नाही. ताणानंतर पहिल्या दिवसभरात कंडरेत मोडतोड जास्त आणि बांधणी कमी असते. सलग दोन वेळा दुसऱ्या सकाळची परीक्षा पास झाली की अर्धा किलो वाढवायचा आणि आवर्तनं थोडी कमी करायची.

पाचव्या आठवड्यात या व्यक्तीने पालथ्या हाताने जड बॅग ओढली आणि कळ सहावर गेली. इथे बहुतेक जण सगळं सोडून महिनाभर विश्रांती घेतात आणि हाताची ताकद आणखी गमावतात. तिने मागच्या वजनावर आठवडाभर थांबून पुन्हा पुढे जायला सुरुवात केली. नवव्या आठवड्यापासून तोच व्यायाम कोपर थोडा थोडा सरळ करत, वजन आधी कमी करून, कारण सरळ कोपरात कंडरेवर दाबही येतो. बाराव्या आठवड्यापर्यंत दीड-दोन किलोवर आठ-दहा आवर्तनं हे अशा हातासाठी वाजवी आहे.

या काळात उचलाउचल बंद नव्हती. शक्य तिथे हात उताणा, कोपर अंगाशी, अवजाराच्या बारीक मुठीवर जाड कापड गुंडाळून पकड मोठी केलेली. कोपराखाली दोन-तीन बोटं अंतरावर बांधायचा पट्टा कामाच्या वेळी काहींना आराम देतो. तो झोपताना काढायचा, आणि हाताला मुंग्या आल्या तर सैल करायचा.

प्रगती मोजायला महागडं यंत्र लागत नाही. कोपर सरळ, हात पालथा ठेवून बाटली उचलायची आणि कळ सुरू होण्याआधी बाटलीत किती पाणी चालतं ते दर आठवड्याला पाहायचं. पूर्ण भरलेली बाटली न दुखता उचलता आली की छताचे उरलेले स्क्रू मारता येतील, पण एका दिवशी सगळे नाही.