इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कळफलक

संगणकावर मराठी लिहिण्यासाठी कळांना अक्षरे नेमून देण्याच्या दोन प्रचलित पद्धती. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक कळीवर देवनागरीचे ठरलेले चिन्ह असते. भारतीय लिप्यांसाठीची ही मांडणी १९८६ मध्ये प्रमाणित झाली आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानकातही आली. फोनेटिकमध्ये शब्द रोमन अक्षरांत, उच्चारावरून टाइप करतात आणि संगणक त्याचे देवनागरी रूप करतो. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की दोन्ही मिळतात. यादीत Marathi हे नाव इनस्क्रिप्टचे असते, तर Marathi Phonetic हा पर्याय २०१९ पासून विंडोज १० मध्ये आला. इंग्रजी आणि मराठी यांत ये-जा करायला `Win + Space` दाबतात.

दोन्ही पद्धतींनी उमटणारा मजकूर युनिकोडच असतो. एकीने लिहिलेला परिच्छेद दुसरीने दुरुस्त करता येतो, त्यामुळे सुरुवातीची निवड जन्मभराची नसते.

मांडणीमागचे गणित

इनस्क्रिप्ट पाहताच नवशिका बिचकतो, कारण K वर क सापडला तरी M वर म नसून स असतो. इंग्रजी अक्षरांशी नाते शोधणे सोडून वर्णमाला आठवली की कोडे सुटते. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने आहेत. मधल्या ओळीत H, K, L, ; आणि ' या कळांवर प, क, त, च, ट आहेत. त्यांच्याच वरच्या ओळीत Y, I, O, P आणि [ वर ब, ग, द, ज, ड. शिफ्ट धरली की त्याच कळीवरचा महाप्राण मिळतो: क चा ख, ग चा घ, त चा थ. पाच कळा आणि त्यांच्या डोक्यावरच्या पाच, एवढ्यांत वर्गांतली वीस व्यंजने बसली.

स्वरांकडेही हीच शिस्त आहे. F वर ि, तिच्या वर R वर ी. G वर ु, तिच्या वर T वर ू. साधी कळ काना-मात्रा देते आणि शिफ्टसह तोच पूर्ण स्वर: E ने ा, शिफ्ट आणि E ने आ. उरलेल्यांपैकी म, न, व, ल, स, य खालच्या ओळीत आहेत. शिफ्टने म चा ण, ल चा ळ आणि स चा श होतो. ष मात्र स्वल्पविरामाच्या कळीवर शिफ्टसह दडला आहे, तो पाठच करावा लागतो.

सगळ्यात जास्त कामाची कळ D. ती हलन्त देते, आणि शिफ्टसह अ.

जोडाक्षर कसे घडते

नियम एकच: जसे बोलतो त्या क्रमाने कळा दाबायच्या, आणि दोन व्यंजने जोडायची असतील तिथे मध्ये D. हाताने लिहिताना पहिली वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी काढतो. इथे ती नंतर येते. जुन्या टंकलेखन यंत्राची सवय असलेले लोक नेमके याच ठिकाणी अडखळतात, कारण यंत्रावर वेलांटी आधी उमटवावी लागे. ‘विद्यार्थी’ हा शब्द असा होतो:

```
व  ि  द  ्  य  ा  र  ्  थ        ी
B  F  O  D  /  E  J  D  Shift+L  R
```

द नंतर D दाबल्यावर पडद्यावर ‘विद्’ असा लटकणारा हलन्त दिसतो. नवशिका तो चूक समजून पुसतो. पुढची कळ दाबा, य येताच तो आपोआप जोडाक्षरात मिसळतो. याउलट ‘पुसतक’ असे उमटले, तर स नंतरची D राहिली हे ओळखावे.

र ची रूपे वेगळी शिकावी लागत नाहीत, ती क्रमातून येतात. र आधी आणि D नंतर असेल तर पुढच्या अक्षरावर रफार चढतो, जसा ‘र्थी’ मध्ये. D आधी आणि र नंतर असेल तर प्र, क्र, ट्र. मराठीचा खास अर्धा र मात्र शिफ्ट आणि J वरच्या ऱ ने होतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, त्यात J D / येते. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, त्यात शिफ्ट+J D /. एका शिफ्टने आचाऱ्यांना आचार्यपद मिळते किंवा जाते.

एक चूक डोळ्यांना दिसतही नाही. आ साठी आधी अ आणि मग काना दाबला, तर काही ठिकाणी अक्षर हुबेहूब आ दिसते, पण आत दोन चिन्हे असतात आणि शोध घेताना तो शब्द सापडत नाही. काही ठिकाणी तिथे तुटक रेषेचे वर्तुळ उमटते. ते वर्तुळ दिसले की काना-मात्रेला धरायला योग्य अक्षर मागे नाही, असे समजावे.

फोनेटिकची सोय आणि अडचण

ज्याची बोटे इंग्रजी कळफलकावर बसली आहेत, त्याला फोनेटिकने पहिल्याच दिवशी पत्र लिहिता येते. `vidyarthi` लिहिले की विद्यार्थी समोर. अडचण रोमन लिपीची आहे: तिच्यात त आणि ट, ल आणि ळ, न आणि ण, अ आणि आ एकाच अक्षरात कोंबलेले असतात. `tal` लिहून तल, ताल, तळ, टाळ यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. मग पर्यायांच्या यादीतून निवडावे लागते, नजर दर शब्दाला तिकडे वळते आणि न पाहता टाइप करणे जमत नाही. दुसरा तोटा हळूच होतो: यादीतला पहिला शब्द ऱ्हस्व-दीर्घाची तपासणी न करता स्वीकारायची सवय लागते. विशेषनामे आणि बोलीतले शब्द यादीत नसले, की मधल्या अक्षरांशी झटापट करावी लागते.

महिन्यातून चार ओळी लिहायच्या असतील तर फोनेटिक पुरे. रोज पानभर लिहायचे असेल तर इनस्क्रिप्टचे पहिले काही दिवस सोसावेत, असे माझे मत.

कुठून सुरुवात करावी

बहुतेक शिकवण्या वर्णमालेच्या क्रमाने जातात, त्यात हात सगळ्या कळफलकावर फिरतो आणि काहीच बसत नाही. त्याऐवजी मधली ओळ घ्यावी. डावी तर्जनी F वर, उजवी J वर. दोन्हींवर चाचपता येईल असा उंचवटा असतो, म्हणजे बोटांखाली ि आणि र. एवढ्या एका ओळीत जोडाक्षरांसकट खरे शब्द होतात:

```
पत्र    H L D J
तर्क    L J D K
चित्र   ; F L D J
कुत्रे   K G L D J S
```

हे चार शब्द न पाहता यायला लागले की वरची ओळ घ्यावी, ष आणि ञ शेवटी. खोडतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी: बॅकस्पेस सहसा एकेक चिन्ह पुसते. ‘र्थी’ पुसायला ती चारदा दाबावी लागते, आणि मध्येच थांबलो तर उरलेला हलन्त पुढच्या व्यंजनाला जाऊन चिकटतो.