बाळाचे लिंग ठरते एका क्षणी, दिसते तीन महिन्यांनी: मधल्या काळाचा शोध कसा लागला

मुलगा की मुलगी हे आईच्या आहारावर, गर्भाशयातल्या उष्णतेवर किंवा दिवसांच्या गणितावर ठरते, अशीच समजूत शेकडो वर्षे होती. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने टेनेब्रिओ नावाच्या, पिठात वाढणाऱ्या भुंग्याच्या पेशींतली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजली आणि या समजुतीचा पायाच काढून घेतला. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत मोठी १९च होती आणि विसावे अगदी छोटे. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना ही संख्या निम्मी होते. त्यामुळे मादीच्या प्रत्येक बीजांडात मोठी १० गुणसूत्रे येतात. नराचे शुक्राणू मात्र दोन प्रकारचे निघतात: निम्म्यांत मोठी १०, उरलेल्यांत मोठी ९ आणि एक छोटे. पहिल्या प्रकारचा शुक्राणू बीजांडाला मिळाला तर मादी, दुसऱ्या प्रकारचा मिळाला तर नर. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही इतर कीटकांमध्ये स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला. पुढे छोट्याला वाय आणि त्याच्या मोठ्या जोडीदाराला एक्स म्हणू लागले.

माणसातही हाच हिशेब आहे. बीजांडातून कायम एक्स येतो. फरक पडतो तो शुक्राणूमुळे. पण इथे एक प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. वायमुळे मुलगा होतो, की एक्स एकच असल्यामुळे? फळमाशीत उत्तर दुसरे होते. तिच्यात एक्स किती यावर लिंग ठरते. एकच एक्स असलेली आणि वाय नसलेली माशी नरच होते, फक्त वांझ. माणसाचेही तसेच असेल असे अनेकांनी गृहीत धरले होते. खात्री करणे सोपे नव्हते, कारण माणसात एकूण गुणसूत्रे ४६ आहेत हेच १९५६ साली पक्के झाले. त्याआधी पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता.

निर्णय १९५९ साली लागला, आणि तोही दोन अपवादात्मक शरीरांमुळे. एका पुरुषाच्या पेशींत दोन एक्स आणि एक वाय अशी मिळून ४७ गुणसूत्रे सापडली. दोन एक्स असूनही तो पुरुष होता. एका मुलीच्या पेशींत एकच एक्स होता, वाय नव्हता, आणि ती मुलगी होती. म्हणजे माणसात एक्सची संख्या गौण आहे. वाय आहे की नाही, एवढेच बघायचे.

मग वायवरचा नेमका कुठला भाग हे काम करतो? यासाठी पुन्हा अपवादच उपयोगी पडले. काही पुरुषांच्या पेशींत दोन एक्सच असतात, वाय दिसतच नाही. वडिलांच्या शरीरात शुक्राणू बनताना एक्स आणि वाय यांची टोके एकमेकांशी जुळतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. ही अदलाबदल ठरलेल्या हद्दीपलीकडे गेली, तर वायचा महत्त्वाचा तुकडा एक्सवर जाऊन बसतो. अशा पुरुषांत वायचा कमीत कमी केवढा तुकडा आलेला आहे, हे बघत शोधाची जागा आक्रसत गेली. १९८७ साली एक जनुक सापडल्याचे जाहीर झाले, पण वायचा अगदी लहान तुकडा मिळालेल्या काही पुरुषांत ते नव्हतेच, म्हणून ते बाद झाले. खरे जनुक, एसआरवाय, १९९० साली सापडले. पुढच्याच वर्षी उंदराच्या मादी गर्भात ते जनुक घातले गेले आणि त्यातल्या काही गर्भांचे नर झाले. यापेक्षा थेट पुरावा मिळणे कठीण.

लिंग शुक्राणूबरोबर ठरते, तरी स्कॅनला ते लगेच का दिसत नाही, याचे उत्तर याच जनुकाच्या वेळापत्रकात आहे. एक उदाहरण घेऊ. शेवटची पाळी १ जानेवारीला आली आणि वर्ष लीप नाही. फलन साधारण १५ जानेवारीला होते. डॉक्टर मात्र आठवडे पाळीपासून मोजतात, त्यामुळे गर्भाचे खरे वय सांगितलेल्या आठवड्यांपेक्षा दोनने कमी असते. एसआरवाय फेब्रुवारीच्या अखेरीस जागे होते आणि तोवर तटस्थ असलेल्या ग्रंथीचे वृषण होऊ लागते. मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे दहाव्या आठवड्याच्या सुमारास, वृषणातून टेस्टोस्टेरॉन वाहू लागते. हे संप्रेरक आले नाही तर शरीर मुलीच्या दिशेने घडते. आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४७ साली सशांच्या गर्भातून या ग्रंथी काढून हे दाखवले होते. बाहेरचा आकार बदलायला त्यानंतर आणखी काही आठवडे लागतात.

वैद्यकीय सोनोग्राफीवरचा पहिला महत्त्वाचा लेख १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांच्या गटाचा, पण तेव्हाच्या धूसर चित्रांत असले बारकावे दिसणे शक्यच नव्हते. आजच्या यंत्रालाही सुरुवातीला अडचण येते, कारण दोन्ही लिंगांत पायांमध्ये सारखाच उंचवटा असतो आणि अकराव्या आठवड्यात त्याच्या लांबीतही फारसा फरक नसतो. फरक असतो तो रोखात. गर्भ बाजूने, कण्याच्या रेषेत बरोबर मधोमध पकडला, तर मुलाचा उंचवटा पाठीच्या रेषेशी ३० अंशांहून जास्त कोनात डोक्याकडे उचललेला असतो. मुलीचा जवळजवळ समांतर असतो. १० ते ३० अंशांच्या मध्ये काहीच म्हणता येत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीचे उत्तर अकराव्या आठवड्यात सुमारे ७० टक्के वेळा बरोबर आले, बाराव्यात जवळपास ९९ टक्के. आपल्या उदाहरणात बारा आठवडे २६ मार्चला भरतात, म्हणजे हा सगळा फरक एका आठवड्याचा आहे. फलन पाच-सहा दिवस उशिरा झाले असेल, तर कागदावर बारा आणि प्रत्यक्षात अकरा आठवडे, अशी गफलत होते. म्हणून आधी गर्भाची लांबी मोजून वय पक्के करतात. गर्भ वाकलेला असेल किंवा पायांमधून नाळ गेली असेल, तरीही अंदाज चुकतो. अठरा-वीस आठवड्यांच्या तपासणीत कोनाची गरज उरत नाही, अवयव थेट दिसतात. भारतात मात्र १९९४च्या कायद्यानुसार गर्भाचे लिंग पाहणे वा सांगणे हा गुन्हा आहे.

रक्ताचा मार्ग १९९७ साली उघडला. डेनिस लो यांच्या गटाला मुलगा पोटात असलेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवात वायचे तुकडे तरंगताना सापडले. ते सातव्या आठवड्यापासून भरवशाने ओळखता येतात, म्हणजे आकार बदलण्याच्या कितीतरी आधी. एक्सवरून येणारा, प्रामुख्याने मुलांनाच होणारा गंभीर आजार घरात असेल, तर काही देशांत ही तपासणी करतात. पण सुरुवातीला जुळे असून त्यातला मुलगा लवकर विरून गेला असेल, तर त्याचा वाय रक्तात काही काळ राहतो आणि उत्तर चुकते.

रक्त गुणसूत्र सांगते, स्कॅन आकार सांगतो. क्वचित दोघांचे जुळत नाही. काही गर्भांत वाय असतो, वृषणही बनते, टेस्टोस्टेरॉनही वाहते. पण ते ओळखणारा पेशीतला ग्राहक सदोष असतो, म्हणून बाहेरून मुलगीच दिसते. उलट, दोन एक्स असलेल्या मुलीच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून पुरुषी संप्रेरके जास्त आली, तर स्कॅनवर तिचा आकार मुलासारखा वाटू शकतो. अशा वेळी डॉक्टर दोन्ही निकाल समोर ठेवतात, रक्ताची चाचणी पुन्हा करतात आणि गरज पडल्यास गर्भजलातल्या पेशींची गुणसूत्रे मोजतात. दुसऱ्या प्रकारात निदान वेळेत होणे फार मोलाचे ठरते, कारण त्यातल्या काही बाळांच्या शरीरातले मीठ जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते.