‘पुट अप विथ’मधला ‘वर’ कोठे गेला?

परवा आमच्या सदाशिव पेठेतल्या शेजारच्या मुलाच्या वहीत ‘आय कॅनॉट पुट अप विथ धिस नॉइज’ या वाक्याचे मराठी रूप ‘मी या आवाजासोबत वर ठेवू शकत नाही’ असे दिसले. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर आणि विथ म्हणजे सोबत, हे त्याने चोख लावले होते. तरीही ‘हा आवाज मला सहन होत नाही’ हा अर्थ त्या तीन शब्दांत कोठेच सापडत नाही.

त्यासाठी सुमारे चारशे वर्षे मागे जावे लागते. तेव्हाच्या इंग्रजीत ‘पुट अप’चा एक अर्थ वस्तू तिच्या जागी आत ठेवून देणे असा होता. तलवार म्यान करण्यासाठी हाच प्रयोग होई; शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये बेनव्होलिओ भांडणाऱ्यांना तलवारी ‘पुट अप’ करायला सांगतो. पुढे वस्तूच्या जागी अपमान आला, आणि अपमान ‘पुट अप’ करणे म्हणजे त्याला उत्तर न देता तो आत ठेवून देणे, असे लोक म्हणू लागले. आपण कुणाचा अपराध पोटात घालतो, त्याच्या फार जवळची ही कल्पना आहे. जे सोसायचे ते दाखवणारा ‘विथ’ नंतर जोडला गेला आणि तेच रूप टिकले. म्यानाचे चित्र मात्र बोलणाऱ्यांच्या मनातून पुसले गेले, म्हणून आज सुटे भाग अर्थाकडे नेत नाहीत.

‘पुट अप विथ’ किती घट्ट जुळलेला आहे, हे तो हलवून पाहिले की कळते. ‘पुट द पोस्टर अप’ चालते. ‘पुट द नॉइज अप विथ’ चालत नाही. ‘अप’च्या जागी ‘डाउन’ ठेवले तर सोसण्याच्या उलट असा काही अर्थ निघत नाही, अर्थच नाहीसा होतो. म्हणूनच ‘अप’चा एकच गुप्त अर्थ शिकवून एका दिवसात असे शेकडो प्रयोग पाठ करून देण्याच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये: ‘स्टँड अप’मध्ये तो दिशा सांगतो, तर ‘ईट अप’मध्ये सगळे संपवणे.

मेंदू अशी जोडी कशी सांभाळतो, हे कापेल, श्टिरोव्ह आणि पुल्व्हरम्युलर यांनी 2010 मध्ये मेंदूतील चुंबकीय बदल मोजून तपासले. ओळखीचा शब्द कानी पडताच मेंदूचा आपोआप उमटणारा प्रतिसाद निरर्थक ध्वनींपेक्षा मोठा असतो. व्याकरणाने जुळवलेल्या शब्दांत याच्या उलट होते आणि योग्य जोडीला प्रतिसाद लहान मिळतो. ‘हीट अप’ आणि ‘कूल डाउन’ यांना तो ‘हीट डाउन’ आणि ‘कूल अप’ यांच्यापेक्षा मोठा मिळाला, म्हणजे या जोड्या अखंड शब्दासारख्या साठवलेल्या असाव्यात. त्यांचा अर्थ तर भागांवरूनही कळतो; ‘पुट अप विथ’चा तसाही कळत नाही, त्यामुळे तो अखंड लक्षात ठेवण्याला पर्यायच उरत नाही.