न पाहिलेल्या युद्धाची स्वप्नं

७ मे २०२५च्या पहाटे आपल्या सैन्याने सीमेपलीकडे हल्ले केले आणि त्याच दिवशी दुपारी देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत ठाणे होतं, उरण होतं. १० तारखेला संध्याकाळी शस्त्रविराम जाहीर झाला. प्रत्यक्ष गोळीबार जम्मू, पूंछ आणि पंजाबच्या सीमेवर होत होता. इथल्या घरांत पोहोचला तो टीव्ही आणि मोबाइल. तरीही त्यानंतरच्या आठवड्यांत घणसोली, खारघर, कळव्यातल्या ओळखीच्या घरांतून एकच तक्रार ऐकू यायला लागली: रात्री युद्धाची स्वप्नं पडतात. गंमत म्हणजे बहुतेकांना ती लढाई थांबल्यावर पडली.

हे लोक घाबरट आहेत, असं म्हणून विषय संपत नाही. ज्यांनी युद्ध पाहिलेलंच नाही त्यांना ते स्वप्नात का दिसतं, या प्रश्नावर गेली पंचवीसएक वर्षं नीट काम झालेलं आहे. त्याच काळात त्याच्याभोवती एक वादही उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. १९७१च्या युद्धात मुंबई-ठाण्यात ब्लॅकआउट पाळला जाई. खिडक्यांना काळे कागद लावत, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवत. त्या पिढीला निदान भोंगा आणि अंधार स्वतःच्या घरात भेटला होता. नवी मुंबई तेव्हा कागदावर होती. इथे नंतर राहायला आलेल्यांसाठी युद्ध म्हणजे १९९९चं कारगिल, आणि ते आलं दिवाणखान्यातून. २००८च्या नोव्हेंबरमध्ये तर दक्षिण मुंबईतली चकमक तीन दिवस घराघरांत थेट चालू होती. (‘कधीच काही पाहिलेलं नाही’ हे ठाणेकरांबाबत जपूनच म्हणावं. १३ मार्च २००३ला मुलुंड स्टेशनात लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाला, तेव्हा त्या गाडीत आणि त्या फलाटावर आपलीच माणसं होती. हा लेख त्यांच्याबद्दल नाही.)

खरा अभ्यास सुरू झाला तो ११ सप्टेंबर २००१नंतर. अमेरिकेत काही लोक हल्ल्याच्या आधीपासूनच स्वप्नांची डायरी लिहीत होते, त्यामुळे आधीची आणि नंतरची स्वप्नं शेजारी ठेवून पाहता आली. एका गटाने ४४ जणांची ८८० स्वप्नं तपासली. प्रत्येकाची हल्ल्याआधीची दहा आणि नंतरची दहा. हल्ल्यानंतरच्या स्वप्नांतली मध्यवर्ती चित्रं जास्त तीव्र झाली होती, पण उंच इमारतीवर विमान आदळण्याचं दृश्य एकाच्याही स्वप्नात नव्हतं. टीव्हीवर ते दृश्य त्या सगळ्यांनी कितीतरी वेळा पाहिलं असणार. म्हणजे स्वप्नाने चित्र उचललं नाही. भीती उचलली आणि तिला स्वतःकडचं दुसरं चित्र दिलं.

दुसऱ्या गटाने बोस्टनमधल्या मोजक्या विद्यार्थ्यांच्या डायऱ्या पाहिल्या आणि उलटं काहीतरी सापडलं. त्या दिवशी टीव्हीसमोर घालवलेल्या दर तासामागे, हल्ल्याचा थेट संदर्भ असलेल्या स्वप्नांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांनी वाढलेलं होतं. विद्यार्थी फार थोडे होते, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकू नये. पण ‘नुसतं पाहिल्याने काय होतंय’ या वाक्याला तेव्हापासून धक्का बसला आणि पडदा चर्चेच्या मध्यभागी आला.

आता ते वादाचं प्रकरण. मानसिक आजारांच्या निदानासाठी अमेरिकेत डीएसएम नावाची नियमावली वापरतात, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनाही ती शिकवलेली असते. १९८०च्या आवृत्तीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या ताणाचा विकार, हे निदान पहिल्यांदा आलं. तेव्हा अट अशी होती की घटना नेहमीच्या मानवी अनुभवापलीकडची हवी. १९९४मध्ये शब्द सैल झाले: माणसाने घटना अनुभवलेली, पाहिलेली किंवा तिला सामोरं गेलेलं असावं. सामोरं जाणं म्हणजे किती जवळून, याचा ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. मग २००१ आलं. हल्ल्यानंतर तीन ते पाच दिवसांत फोनवरून झालेल्या पाहणीत देशभरातल्या ४४ टक्के प्रौढांनी ताणाचं किमान एक ठळक लक्षण सांगितलं. त्रास देणाऱ्या आठवणी आणि स्वप्नं त्या लक्षणांत होती. टीव्ही पाहणाऱ्या सगळ्यांना आघातग्रस्त म्हणायचं ठरवलं, तर निम्म्या देशावर शिक्का बसला असता.

म्हणून २०१३च्या पाचव्या आवृत्तीत दार आवळलं गेलं. घटना स्वतःवर गुदरलेली हवी, किंवा डोळ्यांदेखत घडलेली हवी, किंवा जवळच्या माणसावर हिंसक वा अपघाती प्रसंग आल्याचं कळलेलं हवं. चौथा मार्ग आहे तो भीषण तपशील वारंवार समोर येण्याचा, उदाहरणार्थ मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्यांचा. पण या चौथ्या मार्गाखाली एक टीप आहे: टीव्ही, चित्रपट, छायाचित्रं किंवा इतर इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून झालेला संपर्क धरायचा नाही, तो कामाचा भाग असल्याशिवाय.

या टिपेचा अर्थ घणसोलीतल्या एका इमारतीत उतरवून बघू. आठव्या मजल्यावर माझ्या ओळखीचं एक कुटुंब राहतं. मुलगी सहावीत. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळपासून रात्रीपर्यंत घरात बातम्या चालू. तिचं स्वप्न असं: सोसायटीच्या पोडियमवर सैनिक उभे आहेत, त्यांना चेहरे नाहीत. लिफ्ट बंद आहे. ती जिन्याने वर येते, पण प्रत्येक मजल्यावर दारावरची पाटी दुसऱ्याच कुणाची. खालून भोंगा वाजतोय. आता समजा, त्याच इमारतीत वृत्तवाहिनीचा व्हिडिओ एडिटर राहतो. पाळीत बसून तो तीच फुटेज कापतो, जोडतो, नको ते भाग धूसर करतो. स्वप्नंही तशीच पडली, झोपही तशीच गेली, तर एडिटरला पीटीएसडीच्या निदानाचं दार उघडं आहे आणि मुलीला बंद. क्लिप एकच. फरक पगाराचा.

टिपेच्या बाजूचं म्हणणं कच्चं नाही. न्यू यॉर्कबाहेरच्या अमेरिकनांची पाहणी झाली, तेव्हा दोन महिन्यांनी १७ टक्के लोकांत आघाताशी निगडित लक्षणं दिसली आणि सहा महिन्यांनी ५.८ टक्के लोकांत. बहुतेकांचा त्रास आपोआप ओसरतो, त्याला आजाराचं नाव देऊन घट्ट करू नये, असं या बाजूचे लोक सांगतात. पण टीप छापून झाली त्याच वर्षी, बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर एक मोठी पाहणी झाली. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास स्फोटांच्या बातम्या पाहणाऱ्यांनी, स्फोटांच्या जागी हजर असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण सांगितला. हा सुरुवातीचा ताण होता, पीटीएसडी नव्हे, आणि मुळात घाबरलेली माणसंच जास्त बातम्या पाहतात हा आक्षेपही रास्त आहे. तरीही पडद्याला सरसकट वगळणं मला चुकीचं वाटतं. २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, म्हणजे आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत, घटनांची यादी ‘यापुरती मर्यादित नाही’ असं म्हणून दिलेली आहे. तिथे पडद्याचं नाव घेऊन दार लावलेलं नाही. डॉक्टरने कुठली नियमावली उघडली, यावर मुलीच्या तक्रारीचं काय होणार ते ठरतं.

व्यवहारात नुकसान होतं ते आणखी साध्या जागी. डॉक्टरकडून ‘काही घडलं होतं का?’ असा प्रश्न येतो. आई ‘नाही’ म्हणते. विषय तिथेच मिटतो. खरं तर त्याच डीएसएममध्ये दुःस्वप्नांचा वेगळा विकार नोंदलेला आहे आणि त्याला कुठल्याही घटनेची अट नाही.

मुलीचं स्वप्न या अभ्यासांशी बरंच जुळतं. टीव्हीवर तिने ड्रोन, स्फोट आणि नकाशे पाहिले, स्वप्नात यातलं काहीच नाही. जिना, लिफ्ट, पाट्या हे सगळं घरचं सामान आहे. भोंगा आला तो मात्र जसाच्या तसा. त्या दिवसांत वाहिन्या बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याचा भोंगा लावत होत्या. १० मे रोजी केंद्राकडून सूचना निघाली की जनजागृतीखेरीज तो आवाज वापरू नये, लोकांचं त्याकडे लक्ष जाईनासं होईल. सूचनेचं कारण योग्यच होतं. लहान मुलांच्या झोपेचा त्यात विचार नव्हता. झोपेत कानावर पडलेला आवाज स्वप्नात शिरला असेल, असं घरच्यांना वाटतं, पण त्याची शक्यता कमी. १९५८च्या एका जुन्या प्रयोगात झोपलेल्यांवर पाणी शिंपडलं तेव्हा ते ४२ टक्के वेळा स्वप्नात उतरलं, नुसता ध्वनी फक्त ९ टक्के वेळा. तिच्या स्वप्नातला भोंगा दिवसभर ऐकलेल्या टीव्हीचा असावा.

स्वप्नं उशिरा का आली, याचाही अंदाज आहे. डायऱ्यांच्या अभ्यासात दिसतं की दिवसातल्या गोष्टी त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री स्वप्नात येतात, मग मागे पडतात आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा डोकावतात. सात तारखेची धास्ती बारा-चौदा तारखेला येणं यात बसतं. तोवर सगळं शांत झालेलं असतं, म्हणून घरच्यांना कारण सापडत नाही.

प्रत्यक्ष आघातानंतरची दुःस्वप्नं अनेकदा वेगळी असतात. तीच घटना, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. पडद्यावरून आलेली स्वप्नं रूप बदलतात आणि बहुधा काही आठवड्यांत विरळ होतात. मूल रात्रीच्या पहिल्या काही तासांत किंचाळून उठलं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर ते बहुधा स्वप्न नसून झोपेतला धसका असतो. दुःस्वप्न पहाटेकडे पडतं आणि तपशिलात सांगता येतं.

या मुलीच्या बाबतीत समुपदेशक बाईंनी एक जुनी, अभ्यासलेली पद्धत वापरली. स्वप्न दिवसा कागदावर लिहायचं, मुलीने स्वतःला हवं तिथे ते बदलायचं आणि बदललेलं रूप रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. तिने सैनिक काढले नाहीत. पाट्या बदलल्या, आठव्या मजल्यावर स्वतःच्या आडनावाची लावली. घरच्यांनी संध्याकाळनंतर बातम्या बंद केल्या. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत स्वप्न क्वचितच येत होतं. यातलं किती पद्धतीमुळे, किती टीव्ही बंद झाल्यामुळे आणि किती नुसत्या काळामुळे, हे एका मुलीवरून सांगता येणार नाही.

स्वप्नं आठवड्यातून अनेकदा येत राहिली, झोपायची भीती वाटायला लागली किंवा महिना उलटला, तर १४४१६ या मोफत सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. तिथे किंवा डॉक्टरकडे ‘काही घडलं का’ याचं उत्तर ‘नाही’ असलं, तरी आधी स्वप्न सांगा, ते किती वेळा पडतं ते सांगा आणि घरात बातम्या किती तास चालू असतात तेही सांगा.