प्रदर्शनाच्या स्टॉलचा आराखडा: अर्ज नेमका कुठे अडकतो

कोकणातल्या बचत गटांचे आणि छोट्या उत्पादकांचे प्रदर्शनासाठीचे अर्ज परत येतात, त्यात उत्पादनाला नावे ठेवलेली क्वचितच असतात. आधार, बँक पासबुक, गटाचा ठराव, उद्यम नोंदणी, खायचा माल असेल तर एफएसएसएआयची नोंदणी, एवढे बहुतेकांकडे असते. नसते ते एकच: ‘स्टॉलचा मापानुसार मांडणी आराखडा’. अर्जात ही एक ओळ असते, खाली नमुना नसतो, आणि खिडकीवर विचारले तर ‘इंजिनीअरकडून काढून आणा’ असे उत्तर येते. इंजिनीअर लागत नाही. आलेख कागद, पट्टी आणि पेन्सिल पुरते.

आधी हा कागद कोण बघतो ते लक्षात घ्या. छाननी करणारा तो जेमतेम उलटतो. खरा वापर मंडपवाला आणि वायरमन करतात. टेबल कुठे टाकायचे आणि प्लग कुठे काढायचा, हे ते त्यावरून ठरवतात. म्हणून रंगीत चित्र, तोरण, रांगोळी काही कामाचे नाही.

पहिली अडचण मापाची. जाहिरातीत ‘३ × ३ मीटर’ लिहिलेले असते, तोंडी सगळे ‘दहा बाय दहा’ म्हणतात, आणि आराखड्यात दोन्हींची खिचडी होते. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पांढऱ्या फळ्यांचा तयार स्टॉल असेल तर ३ मीटर हे बाहेरचे माप, आतून साधारण २.९३ मीटरच मिळते. कापडी मंडपात कोपऱ्यांतले खांब जागा खातात. आतले माप आयोजकांना विचारून घ्या, नाहीच सांगितले तर २९३ सेंटिमीटर धरा. पूर्ण कागदावर एकच एकक ठेवा. सेंटिमीटर सोयीचे.

प्रमाण १:२० घ्या. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २० सेंटिमीटर, म्हणजे आलेख कागदाची बारीक चौकट २ सेंटिमीटरची. ३ मीटरचा स्टॉल १५ सेंटिमीटरचा होतो आणि ए-फोर कागदावर शेजारी लिहायला जागा राहते. १:५० ने तो ६ सेंटिमीटरचा होतो, मग खुर्चीवर नाव लिहायला जागा नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. समजा मालवणकडचा एक गट सोलकढी, कोकम आगळ, आंबापोळी आणि काजू घेऊन चालला आहे. स्टॉलची एक बाजू उघडी. आयोजक दोन टेबले देणार, सहा बाय दोन फुटांची, म्हणजे १८३ × ६१ सेंटिमीटर. हाताने काढलेल्या बहुतेक आराखड्यांत ही दोन्ही टेबले पुढे एका ओळीत मांडलेली दिसतात. दोन टेबले मिळून ३६६ सेंटिमीटर, आणि जागा २९३! हे दाखवले की गटातली एखादी काकी म्हणतेच, “बसतली रे, जरा सरकवूया.” नाही बसत, काकी. पट्टी लावून काढले असते तर कागदावरच कळले असते.

एक टेबल पुढे, डाव्या भिंतीला टेकवून. कागदावर ते ९.१५ × ३.०५ सेंटिमीटर. उजवीकडे ११० सेंटिमीटर उरतात, ती आत यायची वाट. दुसरे टेबल मागच्या भिंतीला, डाव्या कोपऱ्यात. दोन टेबलांमध्ये १७१ सेंटिमीटर राहतात, दोघी आरामात उभ्या राहतात. डाव्या भिंतीला ९० × ३० चे रॅक. मागच्या टेबलाशेजारी ६० × ६० चा फ्रिज बसवूनही त्या भिंतीला ५० सेंटिमीटर शिल्लक राहतात, त्यामुळे फ्रिजच्या बाजूंना हवा मिळते. मागच्या भिंतीपासूनही त्याला १० सेंटिमीटर पुढे घ्या.

फर्निचरच्या खुणा साध्या ठेवा. टेबल म्हणजे आयत. खुर्ची म्हणजे ४५ × ४५ चा चौकोन, पाठीच्या बाजूला जाड रेघ. उंच रॅकच्या आयतात फुली मारा आणि ‘उंची १८०’ लिहा, नाहीतर मंडपवाला ते टेबल समजून पुढे आणून ठेवेल आणि मागचा माल झाकला जाईल. फ्रिजच्या दारासाठी पाव वर्तुळाची तुटक रेघ काढा. ही रेघ लोक हमखास विसरतात. बिजागरी उजवीकडे असेल तर टेबलाकडून बाटली काढता येते, डावीकडे असेल तर उघडलेले दारच मध्ये उभे राहते. तुम्ही वापरलेल्या खुणांची यादी कागदाच्या कोपऱ्यात द्या. तुमची खूण सगळ्यांना कळेल असे गृहीत धरू नका.

मापे स्टॉलच्या रेघेबाहेर लिहा. दोन टोकांना छोटे काप असलेली रेघ, वर आकडा. एका ओळीतल्या मापांची बेरीज २९३ आलीच पाहिजे. पुढच्या बाजूला १८३ आणि ११०, जमले. नावे आत मावत असतील तर आत, नाहीतर बारीक रेघ बाहेर काढून तिथे. ‘साहित्य’ असे मोघम लिहू नका. ‘विक्री टेबल’, ‘साठा टेबल’, ‘फ्रिज’ लिहा. प्लगच्या खुणेजवळ काय लावणार आणि फ्रिजच्या पाटीवर किती वॅट आहेत तेही लिहा. हे नसले तर वायरमन दिव्यापुरती तार ओढून निघून जातो.

उघड्या बाजूला ठळक अक्षरांत ‘ग्राहकांची मार्गिका’ लिहा. हे नसल्यामुळे आराखडा उलटा धरला जातो आणि प्लग तुमच्या फ्रिजच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात निघतो. स्टॉल क्रमांक अजून मिळालेला नसेल तर ती जागा रिकामी सोडा आणि ‘एक बाजू उघडी धरून’ अशी टीप द्या. क्रमांक कळायच्या आधी आराखडा मागायचा हा काय प्रकार आहे, ते मलाही कधी कोणी समजावलेले नाही.

मग येते छपाई. नीट काढलेला आराखडा स्कॅन करून छापताना Fit to page राहिले की चित्र लहान होते, आणि खाली लिहिलेले १:२० खोटे ठरते. Actual size किंवा १०० टक्के निवडा आणि छापल्यावर पट्टी लावून २९३ सेंटिमीटरची बाजू १४.६५ सेंटिमीटर येते का बघा. त्यातूनही खबरदारी म्हणून आराखड्याखाली ०, ५०, १०० सेंटिमीटर दाखवणारी मापपट्टी काढा. कागद लहानमोठा झाला तरी तीही त्याच प्रमाणात बदलते, त्यामुळे मोजणाऱ्याची फसगत होत नाही. मोबाइलवरून तिरका फोटो काढून पाठवला तर मात्र पट्टीचाही उपयोग नाही, कारण मागची भिंत पुढच्यापेक्षा आखूड दिसते.

खाली गटाचे नाव, प्रमाण, ‘सर्व मापे सेंटिमीटरमध्ये’, दिनांक आणि सही. सही अध्यक्ष की सचिव, ते ठरावात ज्याला अधिकार दिला असेल त्यानेच करा.

तारखेबद्दल एकच. अर्जाची शेवटची तारीख आणि आराखड्यात बदल कळवायची तारीख बऱ्याचदा वेगवेगळ्या असतात, आणि दुसरी तारीख अटींच्या बारीक अक्षरांत लपलेली असते. ‘पोहोचला पाहिजे’ असे लिहिले असेल तर त्या दिवशी पोस्टात टाकून भागत नाही. देताना एक प्रत स्वतःकडे ठेवा, तिच्यावर पोच घ्या, आणि स्टॉल लावायला जाताना तीच प्रत बरोबर न्या. मंडपवाल्याकडे तुमचा कागद पोचलेला नसतो, हे तिथे गेल्यावरच कळते.